अण्णा, एफडीतले ८ लाख बॅलन्स्ड फंडात का ठेवले? तुमचे प्रश्न आणि माझी उत्तरं

ती. अण्णा आणि आई यांस सा. नमस्कार.

गेल्या वर्षभरात तुमच्या दोन-दोन लाखांच्या चार मुदत ठेवी एकामागून एक संपल्या. ते ८ लाख आपण पुन्हा बँकेत न ठेवता दोन बॅलन्स्ड फंडांत ठेवले. कागदांवर सह्या तुमच्याच आहेत, पण अजून तुमच्या मनाला ते पुरतं पटलेलं नाही, हे फोनवर मला जाणवतं. तुम्ही दोघं पुन्हा पुन्हा जे विचारता, ते सगळं इथे एकत्र लिहून काढलं आहे. सावकाश वाचा. शेजारच्या काकांनाही वाचायला द्या, कारण त्यांचे प्रश्न तुमच्यापेक्षा वेगळे नाहीत.

एफडीत सगळं नीट चाललं होतं. मग हात कशाला लावला?

आजच्या दिवसापुरतं नीट चाललं आहे, हे खरंच. आपला हिशोब आधी मांडते. तुमच्याकडे एकूण ३२ लाख आहेत. त्यातले १२ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्क्यांनी आहेत. त्याचं व्याज तीन महिन्यांनी २४,६०० येतं, म्हणजे महिन्याला ८,२००. बँकांत १२ लाखांच्या ठेवी आहेत. सरासरी ७ टक्के धरले तर महिन्याला ७,००० होतात. एसटीची पेन्शन ३,२००. सगळं मिळून १८,४००. घर स्वतःचं असल्यामुळे तुमचा दोघांचा खर्च महिन्याला १६,००० च्या घरात आहे. म्हणजे आज थोडी शिल्लकच पडते, तीही फंडाच्या ८ लाखांना न शिवता.

अडचण या १८,४०० च्या आकड्यातच आहे, कारण तो वाढत नाही. एसटीत तीस वर्षं काढूनही तुमची पेन्शन ईपीएस-९५ मधली आहे आणि तिला महागाई भत्ता नाही. निवृत्त झालात तेव्हा जी रक्कम बसली, तीच आजही येते. जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेल्या गुरुजींची पेन्शन महागाई भत्त्याबरोबर वाढत जाते. त्यांनी सगळे पैसे एफडीत ठेवले तरी त्यांचं फारसं बिघडत नाही. त्यांचं बघून आपण चाललो तर बिघडेल.

खर्च दर वर्षी ६ टक्क्यांनी वाढतो असं धरा. औषधांचं बिल बघितलं तर हा अंदाज मला जास्त वाटत नाही. आजचे १६,००० तीन वर्षांनी १९,००० होतात, म्हणजे तिथेच मिळकत अपुरी पडायला लागते. पाच वर्षांनी ते २१,४०० होतात आणि बाराव्या वर्षी ३२,०००. आई आज ६७ वर्षांची आहे. बारा वर्षांनी ती ७९ ची असेल. हा हिशोब मी मुख्यतः तिच्यासाठी केला आहे.

पण एफडीचं व्याज तर ठरलेलं असतं ना?

ठेवीची मुदत संपेपर्यंत ठरलेलं असतं. ती संपली की त्या दिवशीचा दर मिळतो आणि तो आपल्या हातात नसतो. तुम्हाला २०२० आठवत असेल. रिझर्व्ह बँकेने मे २०२० मध्ये रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने उसने पैसे देते तो, ४ टक्क्यांवर आणला, त्यामागोमाग ठेवींचे दर घसरले आणि मोठ्या बँका ज्येष्ठांनाही ६ टक्क्यांच्या आसपासच देऊ लागल्या. पुढे फेब्रुवारी २०२३ पर्यंत रेपो ६.५ टक्क्यांवर गेला, तेव्हा तुम्हाला चांगले दर मिळाले. २०२५ मध्ये तो पुन्हा टप्प्याटप्प्याने खाली आला आणि डिसेंबरमध्ये ५.२५ वर पोचला. तुमच्या १२ लाखांवरचा दर ७ वरून ६ झाला, तर वर्षाचं व्याज ८४,००० वरून ७२,००० वर येईल. महिन्याला हजार रुपये कमी, आणि खर्च तर वाढलेला.

तुम्ही म्हणता, नव्वदच्या दशकात बँका १२ टक्के देत होत्या. देत होत्या, पण त्याच काळात महागाईही १० टक्क्यांच्या आसपास होती. व्याज मोठं दिसायचं आणि ते बाजारात संपूनही जायचं.

बॅलन्स्ड फंड म्हणजे नेमकं काय? शेअर बाजारच ना?

काही भाग शेअर बाजारात, बाकीचा सरकारी रोखे, कंपन्यांचे रोखे आणि तशाच व्याज देणाऱ्या कागदांत. पण ‘बॅलन्स्ड’ हे नाव लोक सरसकट वापरतात आणि इथेच फसगत होते, म्हणून जरा थांबून सांगते.

शेअर बाजारावर आणि फंडांवर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने ऑक्टोबर २०१७ मध्ये फंडांचे प्रकार नियमाने ठरवून दिले. शेअर आणि रोखे दोन्ही ठेवणाऱ्या फंडांना हायब्रिड म्हणतात. त्यातल्या कन्झर्व्हेटिव्ह प्रकारात शेअर १० ते २५ टक्के असतात, बॅलन्स्ड हायब्रिडमध्ये ४० ते ६० आणि अॅग्रेसिव्हमध्ये ६५ ते ८०. चौथा प्रकार बॅलन्स्ड अॅडव्हान्टेजचा. त्यात किती शेअर ठेवायचे हे बाजार महाग आहे की स्वस्त, ते बघून फंड व्यवस्थापक कमी-जास्त करतो. नियमाने त्याला वरची-खालची मर्यादा नाही. एजंट चारही प्रकारांना ‘बॅलन्स्ड’ म्हणेल, पण बाजार कोसळला की पहिल्याचं आणि तिसऱ्याचं नुकसान अगदी वेगळं असतं.

आपण चौथा प्रकार घेतला आहे. दोन वेगळ्या फंड कंपन्यांचे दोन फंड, प्रत्येकी ४ लाख. या प्रकारात एक गोष्ट माहीत असायला हवी. फंडाच्या महिन्याच्या पत्रकात, म्हणजे फॅक्टशीटमध्ये, शेअरचा आकडा ६५ टक्क्यांच्या वर दिसतो, कारण तेवढा असला तरच शेअरवाल्या फंडाचा कर लागू होतो. पण त्यातल्या काही शेअरच्या बदल्यात फंडाने वायदे बाजारात उलटा सौदा करून ठेवलेला असतो. त्या भागाला बाजाराच्या चढउताराचा धक्का जवळजवळ बसत नाही. तो वजा करून जे उरतं त्याला नेट इक्विटी म्हणतात आणि बघायचा आकडा तोच. आपल्या दोन्ही फंडांत तो सध्या निम्म्याच्या आसपास आहे.

बाजार कोसळला तर आमचे किती जातील?

हा प्रश्न तुम्ही सगळ्यात जास्त वेळा विचारला आहे आणि तो सगळ्यात महत्त्वाचाही आहे.

जानेवारी २०२० मध्ये सेन्सेक्स ४२,००० च्या जवळ होता. २३ मार्च २०२० ला तो २६,००० च्या खाली बंद झाला. दोन महिन्यांत ३८ टक्के घसरण. तसं पुन्हा झालं असं धरू. ८ लाखांतले खऱ्या अर्थाने शेअरमध्ये असलेले साधारण ४ लाख. त्यांचे ३८ टक्के म्हणजे दीड लाख. तुमच्या स्टेटमेंटवर ८ लाखांच्या जागी साडेसहा लाख दिसतील. पण एकूण ३२ लाखांचे साडेतीस झालेले असतील, म्हणजे घट पाच टक्क्यांहून कमी. पेन्शन, बचत योजनेचं व्याज आणि बँकेचं व्याज त्या महिन्यातही ठरल्याप्रमाणे येईल. किराणा अडणार नाही, औषधं अडणार नाहीत. रक्कम ठरवताना मी हेच बघितलं. नफा किती होईल यापेक्षा वाईट वर्षी तुमचं काय काय चालू राहील, यावरून ८ लाखांचा आकडा आला.

२०२० ची घसरण लवकर भरून निघाली. दर वेळी तसं होत नाही. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्सने जी उंची गाठली होती, तिच्या वर टिकून राहायला २०१३ संपत आलं. जवळपास सहा वर्षं. म्हणून ज्या पैशांची पाच वर्षांच्या आत गरज लागेल, त्यातला एक रुपयाही फंडात ठेवलेला नाही.

सगळे पैसे एकदम का नाही घातले?

ठेवी जशा संपल्या तसे घातले. मुदतीआधी ठेव मोडली असती तर बँकेने अर्धा ते एक टक्का व्याज कापलं असतं. शिवाय चार वेगवेगळ्या महिन्यांत पैसे गेल्यामुळे बाजाराच्या चार वेगळ्या भावांना खरेदी झाली. सगळी रक्कम नेमकी महागाच्या दिवशी जाण्याचा धोका टळला.

बँकेत पैसे सुरक्षित असतात. फंड कंपनी बुडाली तर?

दोन्हीकडची सुरक्षा वेगळ्या जातीची आहे. बँकेतल्या ठेवीला डीआयसीजीसी या रिझर्व्ह बँकेच्या संस्थेचा विमा आहे. फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत. त्यावरच्या रकमेची हमी नाही. आपल्याच कऱ्हाडात जनता सहकारी बँकेचा परवाना डिसेंबर २०२० मध्ये रद्द झाला, तेव्हा ही ५ लाखांची रेघ काय असते ते गावाने बघितलं. म्हणूनच उरलेल्या १२ लाखांच्या ठेवी आता तीन बँकांत चार-चार लाख अशा आहेत. व्याज धरूनही प्रत्येक ठिकाणी ५ लाखांच्या आत. माझ्या मते या वर्षात आपण केलेलं हे सगळ्यात उपयोगाचं काम आहे, आणि फंडाशी त्याचा काही संबंध नाही.

फंडाला असा विमा नाही. मात्र फंडातले शेअर आणि रोखे फंड कंपनीच्या मालकीचे नसतात. ते विश्वस्तांच्या देखरेखीखाली वेगळ्या कस्टोडियनकडे असतात. कंपनी बंद पडली तरी तिच्या देणेकऱ्यांना त्यावर हात टाकता येत नाही. धोका असतो तो आतल्या कागदांची किंमत उतरण्याचा.

तो धोका फक्त शेअरमध्ये असतो असंही नाही. एप्रिल २०२० मध्ये फ्रँकलिन टेम्पलटनने आपल्या सहा कर्जरोखे योजना बंद केल्या आणि लोकांचे पैसे अडकले. त्यात शेअर नव्हते. कमी पत असलेल्या कंपन्यांचे रोखे होते, आणि संकटात त्यांना गिऱ्हाईक मिळेना. पुढे गुंतवणूकदारांना पैसे परत मिळाले, पण हप्त्याहप्त्याने. म्हणून फंड निवडताना मी रोख्यांच्या भागाचं पतमानांकन आधी बघितलं. आपल्या दोन्ही फंडांत सरकारी रोखे आणि एएए या सगळ्यात वरच्या दर्जाचे रोखे हेच मुख्यत्वे आहेत. फॅक्टशीटमध्ये हा तक्ता असतो. त्यात एए किंवा त्याखालचा भाग वाढत गेलेला दिसला तर मी तो फंड सोडायला सांगेन.

शेजारच्या काकांना फंडातून दर महिन्याला डिव्हिडंड यायचा. आपल्याला का येत नाही?

काकांची गोष्ट ऐकून घ्या, कारण तसे हजारो निवृत्त लोक होते. २०१६-१७ मध्ये बऱ्याच एजंटांनी बॅलन्स्ड फंड ‘दरमहा एक टक्का देणारी एफडी’ असल्यासारखे विकले. तेव्हाच्या बहुतेक बॅलन्स्ड फंडांत ६५ टक्क्यांहून जास्त शेअर असायचे. बाजार चढता होता, म्हणून दर महिन्याला डिव्हिडंड येत राहिला आणि लोकांना ते व्याज वाटलं. ते व्याज नव्हतं. फंडातला आपला हिस्सा युनिटमध्ये मोजतात. डिव्हिडंड जेवढा दिला जातो, तेवढी युनिटची किंमत त्याच दिवशी उतरते. आपल्याच पिशवीतले पैसे आपल्याच हातात येतात. २०१८ च्या सुरुवातीला बाजार उतरला, एप्रिल २०१८ पासून अशा डिव्हिडंडवर १० टक्के कर लागला आणि अनेक फंडांनी रक्कम कमी केली. ज्यांचं घर त्यावर चाललं होतं, त्यांची पंचाईत झाली.

पुढे एप्रिल २०२१ पासून सेबीने त्या पर्यायाचं नावच बदलायला लावलं. आता त्याला आयडीसीडब्ल्यू म्हणतात आणि त्या नावातच भांडवल काढून दिलं जातं हे सांगितलेलं आहे. आपण तो पर्याय घेतलेला नाही. आपला ग्रोथ आहे. काही वाटलं जात नाही, जे वाढतं ते आतच राहतं.

मग हे पैसे आम्हाला मिळणार कधी?

पाचव्या वर्षापासून. मधल्या वर्षांचं असं आहे. आज महिन्याला २,४०० शिल्लक राहतात, पुढच्या वर्षी साधारण १,४००, त्यानंतर ४००. ही शिल्लक बचत खात्यात राहू द्या. नातवंडांच्या वाढदिवसाला आम्हाला पाठवू नका. तीन वर्षांत ती ५०,००० होते आणि पुढच्या दोन वर्षांत जी थोडी तूट येईल ती त्यातून भरून निघते.

पाचव्या वर्षी तूट महिन्याला ३,००० होईल. तेव्हा एसडब्ल्यूपी सुरू करू, म्हणजे ठरलेल्या तारखेला फंडातून ३,००० रुपये तुमच्या खात्यात येतील. वर्षाचे ३६,०००. फंड पाच वर्षांत एक पैसाही वाढला नाही, तरी ते ८ लाखांच्या साडेचार टक्के आहेत, म्हणजे झेपण्यासारखे. तूट पुढे वाढत जाईल तशी ही रक्कम वाढवावी लागेल, आणि त्यासाठीच आधी पाच वर्षं त्याला हात न लावता वाढू द्यायचं.

यातही एक खाचखळगा आहे. समजा युनिटचा भाव ५० आहे. ३,००० साठी ६० युनिट विकली जातात. भाव ४० वर आला तर त्याच ३,००० साठी ७५ युनिट जातात. पडत्या बाजारात काढत राहिलं की युनिट भराभर संपतात, आणि पुढे बाजार वर आला तरी वाढायला मागे फार उरत नाही. त्यामुळे भाव बराच पडलेला असेल त्या वर्षी एसडब्ल्यूपी थांबवायची आणि ते ३६,००० ठेवींतून घ्यायचे. तीन बँकांतली एक ठेव मी मुद्दाम एका वर्षाच्या मुदतीची ठेवली आहे, ती याच कामासाठी.

एफडीपेक्षा जास्त मिळेल याची खात्री आहे का?

नाही. कोणी खात्री देत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा.

८ लाख सात वर्षं न काढता ठेवले तर एफडीत साडेसहा टक्क्यांनी साधारण १२.४ लाख होतील. फंडाने ९ टक्के दिले तर १४.६ लाख. ४ टक्केच दिले तर साडेदहा लाख, म्हणजे एफडीपेक्षा जवळपास दोन लाख कमी. हे तिसरं होऊ शकतं. ते झालं तर आपल्याला त्रास होईल, पण उरलेले २४ लाख जागेवर असतील. सगळे ३२ लाख एफडीत ठेवले तर असं नुकसान दिसणार नाही. मात्र दर खाली गेले आणि महागाई वर राहिली, तर सगळ्याच पैशांची ताकद एकदम घटेल. दोन्हीकडे धोका आहे, म्हणून सगळा एकाच बाजूला ठेवला नाही.

कर वाचवण्यासाठी केलं का?

नाही. तुमचं वर्षाचं उत्पन्न सव्वादोन लाखांच्या आत आहे, त्यावर आजही कर बसत नाही. फंडाबद्दल एवढंच लक्षात ठेवा की एक वर्षानंतर विकलं तर वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर कर नाही, त्यावरच्या नफ्यावर १२.५ टक्के. तुमच्या रकमेला ही मर्यादा पुरून उरते.

रात्री दवाखान्यात जावं लागलं तर?

तेव्हा फंडाकडे बघायचंच नाही. फंड विकून पैसे खात्यात यायला दोन-तीन कामाचे दिवस लागतात आणि वर्षाच्या आत विकलं तर काही भागावर एक टक्क्यापर्यंत एक्झिट लोड, म्हणजे लवकर बाहेर पडण्याचं शुल्क, कापला जाऊ शकतो. दवाखान्यासाठी बचत खात्यात ५०,००० आधीपासून आहेत, त्यामागे ठेवी. अण्णा, तुम्ही सत्तरीच्या पुढचे असल्यामुळे आयुष्मानचं ५ लाखांचं कार्ड तुम्हाला उत्पन्नाची अट न लावता मिळतं. ते अजून काढलेलं नाही. आधार कार्ड घेऊन या आठवड्यात जाऊन या.

(आईचा प्रश्न) हे गेले तर मला काय करावं लागेल?

आई, तू हा प्रश्न हळूच विचारलास, पण तो विचारायलाच हवा होता. दोन्ही फंडांत तुम्ही दोघं धारक आहात, ‘कोणीही एक किंवा हयात असलेला’ अशा पद्धतीने. म्हणजे तुला वारसा दाखला काढत कचेऱ्या फिराव्या लागणार नाहीत. मृत्यूचा दाखला, एक अर्ज आणि तुझं केवायसी एवढ्यावर सगळं तुझ्या एकटीच्या नावावर होतं. तुझं पॅन आणि आधार यांतलं नाव जुळत नव्हतं, ते मागच्या दिवाळीत दुरुस्त केलं ते याचसाठी. दोघांनंतर दादा आणि मी निम्मे-निम्मे नॉमिनी आहोत.

तुझ्याशिवाय आम्हाला यातलं काही कळणार नाही. लक्ष कसं ठेवायचं?

रोज भाव बघू नका. दर वर्षी दिवाळीत मी घरी येईन तेव्हा आपण तीनच गोष्टी बघू. नेट इक्विटी किती आहे, रोख्यांची पत कशी आहे आणि फंडाचा वाटा एकूण पैशांच्या एक तृतीयांशाच्या वर गेला आहे का. वर गेला असेल तर जास्तीचा भाग विकून परत एफडीत टाकू, बाजार कितीही जोरात असला तरी.

मधल्या काळात कोणी फोन करून ‘हा फंड सोडा, त्यात जा’ म्हणालं, तर माझं नाव सांगून फोन ठेवा. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, मलाही फोनवर नाही. बँकेत ठेव नवी करायला गेलात आणि टेबलामागच्या माणसाने ‘एफडीसारखीच, फक्त पाच वर्षं भरायचं’ असं काही पुढे केलं, तर तो बहुधा विमा असतो. त्यात पैसे कित्येक वर्षं अडकतात. सही न करता कागदाचा फोटो मला पाठवा.

आम्हाला नाहीच पटलं तर पैसे परत एफडीत आणता येतील?

येतील, तुम्ही सांगाल त्या दिवशी. पैसे तुमचे आहेत आणि ते तुमच्या नोंदवलेल्या बँक खात्याशिवाय दुसरीकडे जाऊच शकत नाहीत, माझ्या खात्यातही नाही. माझं मागणं एवढंच की शेवटच्या ठेवीतून गेलेल्या पैशांना वर्ष होऊ द्या, म्हणजे एक्झिट लोड लागणार नाही. त्यानंतर अर्धे आणायचे की सगळे, ते तुम्ही दोघांनी बसून ठरवा. मी अर्ज भरून देईन.

तुमची,
माई